दाव्याचा खर्च कोणी द्यायचा? ‘खर्चासह मंजूर’ या दोन शब्दांत नेमकं काय असतं

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मी बरीच वर्षं हुकूमनामे लिहायचं काम केलं. कोर्टात त्याला सगळे डिक्रीच म्हणतात. न्यायाधीश निकाल सांगून दुसऱ्या प्रकरणाकडे वळतात, आणि मग आमच्या टेबलावर त्या निकालाची डिक्री तयार होते. तिच्या शेवटी खर्चाचा एक तक्ता असतो, डावीकडे वादी आणि उजवीकडे प्रतिवादी. नक्कल हातात घेऊन खिडकीशी परत येणारा माणूस जवळजवळ नेहमी त्याच तक्त्यावर बोट ठेवायचा. “साहेब, वकिलांना पंचेचाळीस हजार मोजले मी. निकालात खर्चासह लिहिलंय. मग इथे सहाच हजार कसे?”

आमच्याकडून चूक झाली असं त्याला वाटायचं. चूक बहुतेक वेळा नसायची. ‘खर्च’ या शब्दाचा त्याचा अर्थ वेगळा होता आणि कायद्याचा वेगळा, एवढंच. पहिल्यांदाच दिवाणी दाव्यात पडलेल्या माणसाला हा फरक दाव्याच्या आधी कळला तर तो दोन-तीन गोष्टी निराळ्या करील. त्या सांगण्यासाठी हा लेख आहे. आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चा आणि उदाहरणं महाराष्ट्रातल्या कोर्टांतली.

मूळ नियम

कलम ३५ म्हणतं की खर्च कोणी, किती आणि कशातून द्यायचा हे ठरवणं कोर्टाच्या अखत्यारीत आहे. पण ही मोकळीक बेलगाम नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा ही सर्वसाधारण रीत आहे, आणि कोर्टाला ती मोडायची असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. म्हणून निकाल वाचताना शेवटचा परिच्छेद नीट पाहा. तिथे साधारणपणे पुढच्यापैकी एखादं वाक्य असतं: ‘दावा खर्चासह मंजूर’, ‘दावा खर्चासह फेटाळला’, ‘दावा अंशतः प्रमाणशीर खर्चासह मंजूर’, ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा’. शेवटचं वाक्य आलं की तक्त्यात आकडे दिसले तरी कोणी कोणाला काही देणं लागत नाही.

जिंकल्यावरही ‘आपापला खर्च सोसावा’ असा निकाल लागू शकतो. भावाभावांच्या वाटपाच्या दाव्यात तर तो नेहमीचाच, कारण वाटप झालं तर फायदा सगळ्यांचा होतो आणि नातंही पुढे टिकवायचं असतं. मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमला असेल तर त्याची फी पुष्कळदा हिश्शाप्रमाणे वाटली जाते. वाटपाच्या दाव्यात ‘खर्च भावाकडून वसूल करू’ हा हिशेब मनातून काढून टाकलेला बरा.

दावा लावण्याआधी: कागद जपायला तेव्हाच सुरुवात करा

संहितेत आदेश २०-अ म्हणून एक छोटा भाग आहे. कोणकोणते किरकोळ खर्च धरता येतात ते त्यात सांगितलं आहे. दाव्याआधी पाठवलेली नोटीस, मग ती कायद्याने सक्तीची असो वा नसो. दावा किंवा कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, टाइप करून घेण्याचा, लिहून घेण्याचा, छापण्याचा खर्च. कोर्टाच्या कागदांची तपासणी करण्याची फी. साक्षीदार आणण्याचा खर्च, समन्स न काढता तुम्ही स्वतः आणलेला साक्षीदार असला तरी. आणि अपिलात, खालच्या निकालाच्या नकलांची फी. हे उच्च न्यायालयाच्या नियमांना धरून मिळतं, पण मिळू शकतं.

मिळत का नाही, तर कागद नसतो. नोटिशीचे दीड हजार वकिलांच्या टेबलावर रोख दिलेले असतात, पावती घेतलेली नसते. डिक्री लिहिणाऱ्यासमोर फक्त प्रकरणाची फाइल असते. फाइलमध्ये जे नाही ते तक्त्यात येऊ शकत नाही, मग तुम्ही शपथेवर सांगा की गहाण ठेवून पैसे उभे केले. म्हणून पहिल्या दिवसापासून एक लिफाफा ठेवा: पोस्टाची पावती, टायपिंगची पावती, वकिलांची फीची पावती, साक्षीदाराला दिलेल्या पैशांची त्याच्या सहीची चिठ्ठी. निकालाच्या आधी, म्हणजे युक्तिवादाच्या सुमारास, वकिलांना सांगा की खर्चाचा तपशील आणि या पावत्या पुरसिशीसोबत दाखल करा. पुरसीस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवलेली गोष्ट. काम पाच मिनिटांचं आहे. मी पाहिलेल्या फायलींत मात्र ती फारच कमी वेळा सापडायची.

दाव्याच्या शेवटी मागणीच्या कलमात ‘दाव्याचा संपूर्ण खर्च प्रतिवादीकडून मिळावा’ हे वाक्य आहे ना, ते पाहा. मागितलं नसलं तरी कोर्ट देऊ शकतं, पण विसरलेलं वाक्य नंतर वादाला जागा देतं. आणि फी ठरवताना एक लक्षात असू द्या: ‘जिंकलो तर रकमेचा चौथा हिस्सा वकिलांचा’ असा करार आपल्याकडे वकिलांना करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. कोणी तसं सुचवलं तर ती फी तक्त्यात येण्याचा प्रश्नच नाही.

दावा चालू असताना: ‘कॉस्ट लागली’ म्हणजे काय

कोर्टाच्या व्हरांड्यात ‘कॉस्ट लागली’ हे जे ऐकू येतं, ते निकालातल्या खर्चापेक्षा वेगळं प्रकरण आहे. दोन्ही एकच समजल्यामुळे बराच घोळ होतो.

समजा साक्षीची तारीख आहे. तुम्ही गावाहून एसटीने आलात, साक्षीदाराला घेऊन आलात, आणि समोरच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला. कोर्टाने तो ५०० रुपये कॉस्टवर मंजूर केला. हा खर्च त्या एका दिवसाचा आहे. तुमची फुकट गेलेली फेरी भरून निघावी म्हणून. संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी द्यायची नाही आणि तहकुबीमुळे झालेल्या खर्चाचा आदेश करायचा, असं आहे. तीनचा आकडा प्रत्यक्षात किती पाळला जातो हे कोणत्याही कोर्टाचा रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद, वाचला की कळतं, पण कॉस्टचा आदेश मात्र होतो.

या कॉस्टला दात आहेत ते कलम ३५-ब मुळे. विलंब केल्याबद्दल या कलमाखाली खर्च लावला असेल तर पुढच्या तारखेला तो भरल्याशिवाय त्या पक्षाला पुढे चालता येत नाही: वादीला दावा पुढे नेता येत नाही, प्रतिवादीला बचाव. तरीही भरला नाही तर कोर्ट त्या रकमेचा वेगळा आदेश काढतं, त्यात देणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, आणि त्यावरून वसुली करता येते. या रकमा शेवटच्या डिक्रीच्या तक्त्यात धरल्या जात नाहीत. लोक निकालानंतर येऊन विचारायचे, “त्या वेळचे पाचशे-पाचशे कुठे गेले?” ते तेव्हाच्या तेव्हा घ्यायचे असतात.

त्यासाठी आधी रोजनामा पाहा. आदेशात कॉस्ट समोरच्या पक्षाला द्यायची म्हटलंय की विधी सेवा प्राधिकरणात भरायची म्हटलंय? दुसरं असेल तर ती तुमची नाही, तिची पावती मात्र फाइलला लागली पाहिजे. पहिलं असेल तर समोरचे वकील ती तुमच्या वकिलांना देतात आणि सही घेतात, किंवा नाझरकडे, म्हणजे कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जमा करतात. पुढच्या तारखेला आपल्या वकिलांना एकच प्रश्न विचारा: कॉस्ट आली का? आली नसेल तर पुकारा झाल्याबरोबर ते कोर्टाच्या लक्षात आणून द्यायला सांगा. साक्ष नोंदवून झाल्यावर ‘कॉस्ट भरली नव्हती’ म्हणून उपयोग फार राहत नाही.

एक खाचही सांगून ठेवतो. कैफियत वेळेत न दिल्याचा आदेश रद्द करणं किंवा एकतर्फी हुकूमनामा रद्द करणं हे कोर्ट बऱ्याचदा ‘अमुक रक्कम दिल्यावर’ अशा अटीवर करतं. समजा प्रतिवादी गैरहजर राहिला, तुम्हाला एकतर्फी डिक्री मिळाली, वर्षभराने तो आला आणि ५,००० रुपये देण्याच्या अटीवर ती रद्द झाली. तुम्हाला तो आदेश चुकीचा वाटतोय, वर दाद मागायची आहे. अशा वेळी ते ५,००० मुकाट्याने घेतलेत तर तुम्ही आदेश मान्य केलात असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. अटीचा फायदा घ्यायचा आणि अट असलेल्या आदेशावर भांडायचंही, हे कोर्टांना मान्य होत नाही. आधी वकिलांशी बोला. रक्कम कोर्टात जमा होऊ दे, आपण उचलायची नाही, हा साधा मार्ग असतो.

अंतरिम अर्जांच्या आदेशांत, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या वगैरे, ‘खर्च मूळ दाव्यात’ असंही वाचायला मिळेल. त्या अर्जाचा खर्च शेवटी दावा जो जिंकेल त्याच्या बाजूने जाईल, एवढाच त्याचा अर्थ. आज कोणी काही द्यायचं नाही.

तक्ता उघडून पाहू

एक प्रकरण घेऊ. माणसं आणि आकडे कल्पनेतले, फक्त हिशेब समजावा म्हणून. कोर्ट फी आणि वकील फी प्रत्यक्षात त्या त्या दिवशीच्या तक्त्याप्रमाणे निघतात.

एका दुकानदाराने ओळखीच्या माणसाला हातउसने २ लाख रुपये दिले. परत आले नाहीत. त्याने मुद्दल २ लाख आणि व्याज १ लाख, असा ३ लाखांचा दावा लावला. निकाल लागेपर्यंत त्याच्या खिशातून गेले ते असे: कोर्ट फी १०,५००, समन्स-नोटीस बजावणीचे ४५०, साक्षीदाराचा भत्ता ९००, वकीलपत्र आणि अर्जांचे स्टॅम्प १५०, वकिलांची फी ४५,०००, दाव्याआधीची नोटीस १,५००, आणि बाकी येणंजाणं, झेरॉक्स, बुडालेले दिवस मिळून ७,५००. एकूण ६६,०००.

डिक्रीच्या तक्त्यात वादीच्या रकान्यात ठरलेल्या ओळी असतात: दाव्यावरचा स्टॅम्प, वकीलपत्रावरचा स्टॅम्प, दस्तऐवजांवरचा स्टॅम्प, दाव्याच्या रकमेवर वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, बजावणीचा खर्च. बघा, वकील फीच्या ओळीत ‘दाव्याच्या रकमेवर’ असं आहे. तुम्ही वकिलांना काय दिलंत हे ती ओळ विचारतच नाही. नियमाच्या तक्त्याप्रमाणे ३ लाखांच्या दाव्याला जी फी बसते ती तिथे लिहायची. ती आपल्या उदाहरणात ६,००० धरू. मग बेरीज: १०,५०० + ६,००० + ४५० + ९०० + १५० म्हणजे १८,०००.

खिशातून ६६,००० गेले आणि दावा पूर्ण जिंकला तरी परत मिळणार १८,०००. त्यातही १०,५०० कोर्ट फीचे आहेत, म्हणजे मिळालेल्या रकमेचा मोठा भाग सरकारकडे भरलेलाच पैसा आहे. नोटिशीची पावती दाखल केली असती तर आदेश २०-अ खाली तो खर्चही मागता आला असता. खिडकीशी विचारला जाणारा प्रश्न इथेच सुटतो. पंचेचाळीस हजार हा तुमचा आणि तुमच्या वकिलांचा करार आहे, प्रतिवादी त्यात नव्हता. त्याच्यावर टाकता येतो तो नियमाने ठरवलेला आकडा.

हे बरोबर आहे का? माझं मत विचाराल तर नाही. फीचे तक्ते प्रत्यक्षातल्या फीच्या मैलभर मागे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये सेलम बारच्या प्रकरणात म्हटलं होतं की खर्च हा प्रत्यक्ष आणि वाजवी असला पाहिजे, आणि उच्च न्यायालयांनी त्याप्रमाणे नियम करावेत. पण नियम बदलल्याशिवाय कोर्ट स्वतःहून त्यापलीकडे जाऊ शकत नाही, हेही त्याच न्यायालयाने नंतर स्पष्ट केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने एका अपिलात जिंकणाऱ्याच्या वकिलांची प्रत्यक्ष फी मोजून ४५,२८,००० रुपये खर्च लावला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. नियमांत बसेल तेवढाच खर्च देता येतो, असं सांगून त्याच निकालात नियम सुधारण्याची सूचना मात्र केली.

अर्धवट जिंकलात तर

आता तोच दुकानदार. कोर्टाने मुद्दल मान्य केलं, पण व्याजाचा करार सिद्ध झाला नाही म्हणून १ लाख नाकारले. निकाल: ‘दावा अंशतः, प्रमाणशीर खर्चासह मंजूर’. तीनपैकी दोन लाख मिळाले, म्हणून खर्चही दोन तृतीयांश. १८,००० चे १२,०००.

प्रतिवादीचाही रकाना आहे. त्याने कोर्ट फी भरलेली नाही, म्हणून त्याचा खर्च नेहमी कमी दिसतो: वकील फी त्याच ३ लाखांवर ६,०००, स्टॅम्प १५०, साक्षीदार ४५०, एकूण ६,६००. आदेशात दोन्ही बाजूंना आपापल्या यशाच्या प्रमाणात खर्च द्यावा असं म्हटलं असेल तर एक लाखाच्या यशाबद्दल प्रतिवादीला एक तृतीयांश, म्हणजे २,२००. वजावट करायला सांगितलं असेल तर वादीच्या हातात राहिले ९,८००. आदेशात असं काही नसेल तर मात्र प्रतिवादीने ‘माझे २,२००’ म्हणून येऊ नये. तक्त्यात आकडा छापलेला असणं आणि तो मिळण्याचा आदेश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या खिडकीवरची अर्धी भांडणं याच्यावरून व्हायची.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की फुगवलेला दावा दोनदा महाग पडतो. सिद्ध न होणाऱ्या एक लाखावर आधी कोर्ट फी भरायची, आणि मग त्याच एका लाखामुळे बाकीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा सोडायचा. ‘मागायला काय जातंय’ असं सांगणारे गावात भरपूर असतात. त्यांना तक्ता दाखवा.

दावा पूर्ण फेटाळला गेला असता तर? वादीचे ६६,००० गेलेच असते, वर ६,६०० प्रतिवादीला द्यावे लागले असते. दावा लावायचा की नाही हे ठरवताना हा आकडाही कागदावर मांडावा.

‘खोटा दावा आहे, दंड बसवा’

प्रतिवादी म्हणून आलेला माणूस चिडून हे म्हणतोच. त्याच्यासाठी कलम ३५-अ आहे. दावा किंवा बचाव खोटा अथवा निव्वळ त्रास देण्यासाठी आहे, आणि तो करणाऱ्याला हे माहीत होतं, असं ठरलं तर कोर्ट भरपाईदाखल खर्च लावू शकतं. पण कमाल मर्यादा आहे ३,००० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीने ती १,००० वरून ३,००० झाली, आणि साध्या दिवाणी दाव्यांसाठी अजून तिथेच आहे. १९७६ साली तीन हजारांना वजन होतं. आज तेवढ्यात वकिलांची एक तारीखही भागत नाही.

तरी मिळवायचे असतील तर एक काळजी घ्या. कलमाची भाषा अशी आहे की पक्षकाराने तशी हरकत घेतलेली असली पाहिजे, आणि त्यानंतर दावा फेटाळला, सोडला किंवा काढून घेतला गेला पाहिजे. म्हणून कैफियतीतच ‘हा दावा वादीला माहीत असूनही खोटा लावला आहे, कलम ३५-अ प्रमाणे खर्च मिळावा’ असं कारणांसह लिहा. युक्तिवादाच्या दिवशी आठवलं तर उशीर झालेला असतो. आणि हे कलम अपिलात लागू होत नाही.

समोरच्याने हरतोय असं दिसल्यावर दावा काढून घेतला तर प्रतिवादीने स्वस्थ बसू नये. आदेश २३ प्रमाणे दावा काढून घेणाऱ्यावर खर्च बसवता येतो. त्याच दिवशी, त्याच अर्जावरच्या आपल्या म्हणण्यात, तो मागायचा.

व्यापारी दावा असेल तर खेळ वेगळा

व्यापारी न्यायालयं अधिनियम २०१५ मध्ये आला, आणि त्यासोबत व्यापारी वादांपुरतं कलम ३५ नव्याने लिहिलं गेलं. वादाचं मूल्य किमान ३ लाख असावं लागतं. २०१८ पर्यंत ही मर्यादा १ कोटी होती. माल पुरवल्याचे पैसे, बांधकामाचं कंत्राट, व्यापारासाठी दिलेल्या जागेचा करार असे वाद यात येतात. मित्राला दिलेले हातउसने साधारणतः येत नाहीत.

इथे खर्चात वकिलांची फी वाजवी असेल तेवढी धरली जाते आणि कोर्ट पक्षांचं वागणं पाहतं: निरर्थक प्रतिदावा करून वेळ घालवला का, तडजोडीचा वाजवी देकार विनाकारण नाकारला का. ३५-अ ची तीन हजारांची मर्यादाही इथे काढून टाकली आहे. म्हणून अशा दाव्यात तडजोडीचं बोलणं फोनवर ठेवू नका. ‘आम्ही अमुक रकमेवर मिटवायला तयार आहोत’ हे तारखेसह लेखी पाठवा. नाकारलं गेलं तर ते पत्र खर्चाच्या मुद्द्यावर कामाला येतं. आणि असं पत्र तुम्हाला आलं तर उत्तर न देता कोपऱ्यात टाकू नका.

निकालानंतर: डिक्री तपासा

निकालाच्या तारखेपासून १५ दिवसांत डिक्री तयार व्हावी असं संहिता सांगते. प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा, आणि नक्कल मिळाल्यावर सर्वात आधी निकालाच्या शेवटच्या परिच्छेदाशी तक्ता ताडून पाहा. कोर्ट फी तुम्ही भरली तेवढीच आहे का? दावा दुरुस्त करून नंतर जादा फी भरली असेल तर ती बऱ्याचदा निसटते, कारण ती फाइलच्या मधल्या एखाद्या अर्जावर असते. माझ्या हातूनही ती दोनदा निसटली आहे. साक्षीदाराचे पैसे नाझरकडे जमा केलेत, ते आले का? बेरीज बरोबर आहे का? लिहिण्याची किंवा बेरजेची चूक असेल तर कलम १५२ खाली साधा अर्ज करून दुरुस्ती करून मिळते, त्यासाठी अपील लागत नाही.

कोर्टाने खर्च नाकारलाच असेल तर ती बेरजेची चूक नव्हे, तिथे हा अर्ज चालत नाही. आणि फक्त खर्चापुरतं अपील करणं क्वचितच परवडतं. त्यात खर्च देणं ही कोर्टाच्या अखत्यारीतली गोष्ट असल्याने वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही.

वसुली

खर्चाची रक्कम मागायला वेगळा दावा लागत नाही. मूळ रकमेसारखीच ती दरखास्तीने, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीच्या अर्जाने, वसूल होते, आणि दरखास्त दाखल करायला १२ वर्षांची मुदत आहे. मूळ दाव्यात रक्कम नसेल, नुसती मनाई असेल, किंवा तुम्ही जिंकलेले प्रतिवादी असाल, तरी खर्चापुरती दरखास्त लावता येते. समोरच्याने अपील केलंय एवढ्यावरून वसुली थांबत नाही. त्याने स्थगिती आणली तर थांबते. ९,८०० रुपयांसाठी दरखास्तीचा पुन्हा खर्च करायचा का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. आधी वकिलांमार्फत पत्र पाठवलं तर पुष्कळ जण भरून टाकतात.

हरलेल्यांसाठी शेवटचं, कारण यात मी लोकांना खरोखर रडताना पाहिलं आहे. खर्च द्यायचा असेल तर कोर्टात जमा करा, किंवा बँकेतून द्या, आणि कोर्टाला कळवा. कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवून घ्यायला हरणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. न नोंदवलेला भरणा दरखास्तीचं कोर्ट धरत नाही. एकाने बाजारात, दोन माणसांसमोर, रोख रक्कम देऊन टाकली होती. वर चहाही पाजला होता. दोन वर्षांनी घरी बेलीफ आला तेव्हा त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता, त्या दोघांपैकी एक वारला होता आणि दुसरा जिंकणाऱ्याचा मेहुणा होता. त्याने रक्कम पुन्हा भरली. या वेळी नाझरकडे, पावती घेऊन.